आजीचा ‘जगी’, पुस्तिकेतला ‘जनी’

माझ्या मुलीला शाळेच्या पाठांतर स्पर्धेत मनाच्या श्लोकांपैकी पहिले वीस म्हणायचे होते. शाळेने एक पातळ पुस्तिका दिली होती आणि तिच्यासोबत सूचनांचा एक कागद. त्यातली एक ओळ ठळक छापलेली होती: श्लोक पुस्तिकेप्रमाणेच म्हणावेत, शब्द बदलल्यास प्रत्येक बदलाला एक गुण वजा होईल. मुलगी ती पुस्तिका घेऊन सरळ आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे गेली. आईला दोनशे पाचही श्लोक येतात. तिने ते कुठल्या पुस्तकातून पाठ केलेले नाहीत. तिची आजी ते रोज म्हणत असे आणि ऐकता ऐकता ते तिच्या तोंडी बसले. वाचता उत्तम येत असूनही या श्लोकांसाठी तिने पुस्तक कधी उघडले नव्हते, कारण तशी गरज पडली नव्हती.

दहा श्लोक बिनबोभाट झाले. अकराव्याला आजीने सुरुवात केली, “जगी सर्व सूखी असा कोण आहे,” आणि मुलीचे ओळीवरून सरकणारे बोट थबकले.

“आजी, थांब. इथे ‘जनी’ आहे. तू ‘जगी’ म्हणालीस.”

“आम्ही ‘जगी’च म्हणतो गं.”

“पण छापलंय ‘जनी’.”

आई क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मग पुस्तकातलंच म्हण बाळा. माझंच चुकत असेल.”

पुढचे नऊ श्लोक नीट पार पडले. मला मात्र आईचे ते शेवटचे वाक्य खुपत राहिले. साठ वर्षांहून अधिक काळ रोज म्हटलेला एक शब्द तिने अर्ध्या मिनिटात मागे घेतला, आणि तोही कुणी काही सिद्ध केले म्हणून नाही, समोर कागद होता एवढ्यावरून. स्मरणातला शब्द आणि छापील शब्द वेगळे निघाले की छापील शब्द आपोआप खरा धरायचा, हा नियम आपण शाळेत, स्पर्धांत आणि घरातही इतक्या सहजपणे पाळतो की तो कुणी कधी ठरवला हे विचारावेसेही वाटत नाही. हा नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मला दूर जाण्याचीही गरज नाही, कारण त्या एका अकराव्या श्लोकातच सगळा पुरावा आहे.

मुलगी झोपल्यावर मी ती पुस्तिका घेतली आणि आईला तोच श्लोक मुद्दाम तीन वेळा म्हणायला लावला. पुस्तिकेत तो असा छापलेला होता:

जनी सर्व सुखी असा कोण आहे ।
विचारे मना तूंचि शोधूनि पाहे ।
मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले ।
तयासारिखे भोगणे प्राप्त जाले ॥

आईने तिन्ही वेळा तो एकसारखाच म्हटला, आणि तिच्या म्हणण्यात आणि छापलेल्यात एक नव्हे, तीन ठिकाणी फरक निघाला. पहिला मुलीला सापडलेला, ‘जनी’ आणि ‘जगी’. दुसरा त्याच ओळीतला: पुस्तिकेत ‘सुखी’ ऱ्हस्व होते, आई ‘सूखी’ असा स्वच्छ दीर्घ उच्चार करीत होती. तिसरा तिसऱ्या ओळीत होता, जिथे पुस्तिकेत ‘त्वांचि’ होते आणि आई ‘तूंचि’ म्हणत होती. मुलीला तिन्हींतला एकच दिसला. उरलेले दोन का दिसले नाहीत हेही सांगण्यासारखे आहे, पण त्याआधी हे तीन फरक एकेक करून तपासून पाहू.

‘सूखी’पासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे निकाल निर्विवाद लागतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्तात एका ओळीत बारा अक्षरे असतात आणि ती तीन-तीनच्या चार गटांत पडतात. प्रत्येक गटात पहिले अक्षर ऱ्हस्व आणि पुढची दोन दीर्घ: लगागा, लगागा, लगागा, लगागा. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षरही आघातामुळे दीर्घ धरले जाते, एवढा एक नियम लक्षात ठेवला की कुणालाही ओळ तपासता येते. आता पाहा: ‘जनी स’, ‘र्व सूखी’, ‘असा को’, ‘ण आहे’. चारही गट बरोबर बसतात, कारण ‘सर्व’मधला ‘स’ जोडाक्षराआधी आल्यामुळे दीर्घ झाला आणि ‘सू’ मुळातच दीर्घ आहे. ‘सुखी’ लिहिले की दुसऱ्या गटात दोन ऱ्हस्व अक्षरे शेजारी येतात आणि ओळीचा पाय तिथेच मोडतो. रामदासांनी वृत्तासाठी ‘सुखी’चे ‘सूखी’ केले, आणि हे त्यांनी एकाच जागी केलेले नाही. याच श्लोकात ‘संचित’चे ‘संचीत’ झाले आहे. पहिल्याच श्लोकात ‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’ असे आहे, तिथे शब्दकोशातला ‘अनंत’ घातला तर ओळ लंगडी होते. शेवटच्या श्लोकात ‘मतीमंद’ आहे, ‘मतिमंद’ नाही.

म्हणजे या जागी आजी बरोबर होती आणि पुस्तिका चूक. चूक कशी झाली याचा अंदाज करणेही अवघड नाही. अक्षरे जुळवणाऱ्याने किंवा मुद्रिते वाचणाऱ्याने ‘सूखी’ हा शब्द पाहिला, त्याला ती शुद्धलेखनाची चूक वाटली आणि त्याने ती कर्तव्यबुद्धीने दुरुस्त केली. ‘संचीत’ मात्र त्याच्या नजरेतून सुटले असावे, म्हणून एकाच श्लोकात एक शब्द आजच्या नियमाने आणि दुसरा वृत्ताच्या नियमाने छापला गेला. गंमत अशी की त्या दुरुस्तीला ज्या नियमांचा आधार वाटला असेल, ते नियमच तिला परवानगी देत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये मान्य झाले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावे, असा स्पष्ट नियम त्यांत आहे. वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक कवीला असावी हेही त्यांत मान्य केलेले आहे. सतराव्या शतकातल्या श्लोकातला ‘सूखी’ शुद्धलेखनाच्या नावाखाली बदलणे हे त्याच शुद्धलेखनाच्या नियमांचे उल्लंघन ठरते.

मुलीला हा फरक का दिसला नाही? दुसऱ्या दिवशी मी तिला पुस्तिका समोर धरून ती ओळ चालीवर म्हणायला सांगितली. डोळ्यांपुढे ‘सुखी’ असताना ती ‘सूखी’च म्हणाली. चाल तिला दुसरे काही म्हणू देईना. मग चालीशिवाय, धड्यासारखी ओळ वाचायला सांगितली, तेव्हा ती ‘सुखी’ म्हणाली आणि स्वतःच चमकली. पुस्तिकेतली चूक तिचे तोंड परस्पर दुरुस्त करीत होते, म्हणून ती तिच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. पद्याचे स्मरण शब्दांच्या यादीसारखे नसते. लय शब्दांना धरून ठेवते, आणि या बाबतीत ती कुठल्याही मुद्रितशोधकापेक्षा कडक असते.

इथेच थांबलो असतो तर हा लेख आजीच्या बाजूचा झाला असता, आणि तेवढाच खोटाही. तिसऱ्या ओळीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले’ यातले ‘त्वां’ हे जुन्या मराठीतले ‘तू’चे तृतीयेचे रूप आहे, म्हणजे ‘तुझ्याकडून’. ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ अशी रूपे त्या काळच्या भाषेत सर्रास होती. आज ‘मी केले’, ‘तू केलेस’ असे म्हणतो, त्यामुळे ‘त्वां’ हा शब्द आपल्या कानाला परका झाला आहे. लागून वरच्या ओळीत ‘मना तूंचि शोधूनि पाहे’ आले आहे, आणि तिथेही ‘मना’च्या पाठोपाठच ‘तूंचि’ आहे. लयीत म्हणताना वरची ओळ खालच्या ओळीला आपल्याकडे ओढते, परका ‘त्वांचि’ सुटतो आणि ओळखीचा ‘तूंचि’ त्याच्या जागी बसतो. वृत्त तक्रार करीत नाही, कारण ‘त्वां’ दीर्घ आणि ‘तूं’ही दीर्घ. हा बदल आईच्या तोंडी आला की तिच्या आजीच्या, की त्याहूनही आधी कुणाच्या, हे सांगता येणार नाही. पण तो स्मरणाने केलेला बदल आहे याबद्दल मला शंका नाही. ‘तूंचि’चे कुणी ‘त्वांचि’ करील हे संभवत नाही, ‘त्वांचि’चे ‘तूंचि’ होणे मात्र अगदी स्वाभाविक आहे. पोथ्या तपासणारे विद्वान हाच निकष वापरतात: दोन पाठांपैकी कोणता पाठ दुसऱ्यातून सहज निपजू शकतो ते पाहायचे आणि ज्याच्यातून दुसरा निपजला असेल तो जुना धरायचा. बहुधा अवघड पाठ जुना निघतो, सोपा नंतरचा.

मुलीला हाही फरक दिसला नव्हता, आणि त्याचे कारण पहिल्यापेक्षा वेगळे आहे. मी विचारले तेव्हा तिने ती ओळ पुस्तिकेतून वाचली, तीही ‘मना तूंचि रे’ अशी. छापलेले ‘त्वांचि’ तिच्या डोळ्यांनी ‘तूंचि’ म्हणून घेतले, कारण वरच्या ओळीत तिने नुकताच तो शब्द वाचला होता. हीच चूक हाताने पोथ्या उतरवणारे लेखक शतकानुशतके करीत आले आहेत. तेव्हा कान चुकतो आणि डोळा चुकत नाही, असा समज करून घेण्यात अर्थ नाही. ज्या शब्दाची अपेक्षा असते तोच शब्द दोघेही आधी टिपतात.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट हाती लागते आणि मला ती महत्त्वाची वाटते. वृत्त अक्षराची लांबी राखते, त्या लांबीच्या आतले शब्द राखत नाही. म्हणून वृत्तबद्ध कविता तोंडी परंपरेत जिथे जिथे बदलते तिथे ती साधारणतः तेवढ्याच मात्रांच्या शब्दाने बदलते. ‘शोधूनि पाहे’चे ‘शोधून पाहे’ होते, ‘तयासारिखे’चे ‘तयासारखे’ होते, कारण ‘नि’ काय आणि ‘न’ काय, दोन्ही ऱ्हस्वच. छपाई याच्या उलट वागते. तिला लांबीची पर्वा नसते, तिला शब्द ओळखीचा आणि आजच्या नियमाने लिहिलेला हवा असतो, म्हणून ती ऱ्हस्वदीर्घ बदलते. दोन साक्षीदार आहेत आणि दोघांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत. एवढे कळले की फरक दिसताच कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न सुटतो. विचारायचे एवढेच की हा फरक कुठल्या जातीचा आहे. ऱ्हस्वदीर्घाचा असेल तर बहुधा तोंडावर विश्वास ठेवावा आणि वृत्ताने पडताळा घ्यावा. तेवढ्याच लांबीच्या दोन शब्दांचा असेल तर जुन्या छापील किंवा हस्तलिखित प्रतीकडे आधी पाहावे.

आता तो मुलीला सापडलेला फरक, ‘जनी’ आणि ‘जगी’. दोन्हींत पहिले अक्षर ऱ्हस्व, दुसरे दीर्घ. वृत्त काहीच बोलत नाही. अर्थ दोन्हींचा जवळपास सारखा: लोकांत पूर्ण सुखी कोण आहे, की जगात पूर्ण सुखी कोण आहे. व्याकरणही मदतीला येत नाही. छापील पुस्तकांत दोन्ही पाठ आढळतात, आणि म्हणीसारखी ही ओळ उद्धृत करताना लोक बहुधा ‘जगी’च म्हणतात. मग रामदासांची लकब पाहावी म्हटले, तर त्यांना दोन्ही शब्द प्रिय आहेत. ‘जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे, जनी वंद्य ते सर्व भावे करावे’ हे दुसऱ्याच श्लोकात आहे. दुसरीकडे ‘जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा’ हे पालुपद सत्तेचाळिसाव्या श्लोकापासून पुढे ओळीने अनेक श्लोकांच्या शेवटी येते, आणि त्या सत्तेचाळिसाव्या श्लोकातच दुसऱ्या ओळीच्या आरंभी ‘जनी’ आणि चौथीच्या आरंभी ‘जगी’ असे दोन्ही शब्द आले आहेत.

या पालुपदाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. रोज सगळे श्लोक म्हणणाऱ्याच्या जिभेवर ‘जगी’ने सुरू होणारी ओळ पुन्हापुन्हा येते, त्यामुळे इतरत्र ‘ज’ने ओळ सुरू झाली की जीभ ‘जगी’कडे वळण्याची शक्यता वाढते. त्यातच ‘जनी’ हा सप्तमीचा प्रयोग आज बोलण्यातून गेला आहे, आणि ‘जगी’ निदान ‘जग’ या रोजच्या शब्दामुळे ओळखीचा वाटतो. सोपा पाठ नंतरचा, हा मघाचा निकष लावला तर तराजू ‘जनी’कडे झुकतो. माझेही मत तिकडेच झुकते. पण ‘सूखी’च्या बाबतीत जशी खात्री देता आली तशी इथे देता येत नाही, ‘त्वांचि’च्या बाबतीत दिली तेवढीही नाही. इथे हाती आहे ती केवळ शक्यता, आणि दोन्ही पाठांनी श्लोकाचे काहीही बिघडत नाही. तीन फरकांपैकी ज्या एकाच ठिकाणी कुणालाही चूक म्हणता येत नव्हते, नेमके तिथे आजीने माघार घेतली, आणि जिथे पुस्तिका उघड चुकली होती तिथे कुणाचे लक्षही गेले नाही.

आपल्या भाषेत या सगळ्या प्रश्नाला एकच शब्द आहे आणि त्याचा जुना अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. ‘देशांतर’ म्हणजे दुसरा देश, ‘मतांतर’ म्हणजे दुसरे मत, तसे ‘पाठांतर’ म्हणजे मुळात दुसरा पाठ, वेगळा शब्द. आज पाठांतर म्हणजे घोकून तोंडपाठ करणे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके 1212 मध्ये, म्हणजे मधे जवळपास तीनशे वर्षे गेली होती. एकनाथांनी केलेल्या कामाची नोंद अशी आहे:

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध ।
तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥

ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठांतरांमुळे त्यात शुद्ध आणि अशुद्ध यांची सरमिसळ झाली, असे ही ओवी म्हणते. इथे पाठांतर म्हणजे पाठभेद, हा अर्थ प्रसंगाला धरून आहे. तरीही ही ओवी आज वाचताना दोन्ही अर्थ एकदम मनात येतात, आणि ते येणे मला गैर वाटत नाही, कारण तोंडपाठ करण्यातून आणि उतरवण्यातून वेगळे पाठ तयार होतात हे एकनाथांसमोरच्या पोथ्यांनी त्यांना दाखवलेच असणार. त्यांनी पुढे आणखी एक ओवी लिहून ठेवली, की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे. इतका कडक पहारा बसवूनही वाद संपला नाही. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये, एकनाथांच्या आधीची असे ते मानत त्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, आणि कोणता पाठ मूळचा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. शुद्ध प्रत ही अशी कायम तपासाधीन असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हाही संपादकांनी एक पाठ निवडून वर छापला आणि नाकारलेले पाठ पानाच्या खाली जपून ठेवले. पुढच्या वाचकाला निवड पटली नाही तर त्याच्या हाती पुरावा असावा म्हणून.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हे सगळे विद्वानांना ठीक, पण चौथीतल्या मुलांच्या स्पर्धेत परीक्षकाने पाठचिकित्सा करायची का? सर्वांना एकच पुस्तिका दिली म्हणजे सर्वांना एकच मोजपट्टी मिळते, यात न्याय आहे. मला हा न्याय मान्य आहे, पण मोजपट्टी तरी सरळ असावी. आमच्या पुस्तिकेच्या मोजपट्टीने ‘सूखी’ म्हणणाऱ्या मुलाचा एक गुण जाणार, म्हणजे जो मुलगा वृत्त बरोबर म्हणतो त्याला शिक्षा. अर्थात प्रत्यक्षात चालीवर म्हणताना सगळीच मुले ‘सूखी’ म्हणणार आणि परीक्षकाच्या कानालाही ते बरोबरच वाटणार, त्यामुळे ती शिक्षा कुणालाच होणार नाही. पण ‘जगी’ला मात्र होईल, कारण तो फरक ऐकू येतो. म्हणजे नियम फक्त तिथेच लागू होतो जिथे तो अन्यायाचा आहे.

याला उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. पुस्तिका छापणाऱ्याने पहिल्या पानावर कोणत्या आवृत्तीवरून श्लोक घेतले ते लिहावे. जुन्या पद्यातले ऱ्हस्वदीर्घ आजच्या नियमांनी बदलू नयेत. अनुच्चारित अनुस्वार काढले तर चालेल, कारण त्याने उच्चार बदलत नाही आणि वृत्तही नाही. परीक्षकाने गुण कापण्याआधी एवढेच पाहावे की बदललेल्या शब्दाने वृत्त मोडते का, अर्थ मोडतो का, आणि दोन्ही मोडत नसतील तर मुलाला विचारावे की हे तू कुठे ऐकलेस. ‘माझ्या आजीकडे’ हे उत्तर आले तर तो परंपरेतला पाठ असण्याचा संभव आहे. उत्तर आले नाही तर ती बहुधा विसरभोळेपणातून झालेली गफलत. गफलत आणि पाठभेद यांत फरक करायला परीक्षकाला विद्वान असण्याची गरज नाही, एक प्रश्न विचारण्याची सवड हवी.

स्मरणाच्या भोळ्या कौतुकाबद्दलही एक शब्द सांगायला हवा, कारण छपाईवर टीका करणारे बहुतेकजण लगेच तिकडे घसरतात. आजीच्या तोंडी शेकडो वर्षांची परंपरा जशीच्या तशी उतरली आहे, असे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण घरगुती पाठांतराला तशी कोणतीही यंत्रणा नसते. वेदपठणाच्या परंपरेत ती होती. तिथे संहिता पाठ करून भागत नसे. पद सुटे करून म्हणायचा पदपाठ, जोड्या लावून म्हणायचा क्रमपाठ, मग शब्द उलटसुलट गुंफायचे जटा आणि घन असे प्रकार शिकावे लागत. एखादा शब्द सरकला तर या उलटापालटीत तो लगेच उघडा पडे. हे सारे श्रम नेमके त्याचसाठी होते, की स्मरणावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही हे त्या लोकांना ठाऊक होते. घरी आजीकडून नातीकडे येणाऱ्या श्लोकाला असा पहारेकरी एकच, तो म्हणजे वृत्त. आणि वृत्ताच्या डोळ्यांदेखत ‘त्वांचि’ कसा निसटला ते आपण पाहिलेच. मनाच्या श्लोकांचा शेवटचा श्लोक ‘मनाची शते ऐकता दोष जाती’ असे सांगतो, ऐकण्याचे फळ सांगतो, वाचण्याचे नाही. पण ऐकून आलेले सगळे बिनचूक असते असा त्याचा अर्थ काढणे म्हणजे त्या ओळीवर अन्याय होईल.

माझा आग्रह म्हणून एवढाच आहे की पडताळा घेण्याआधी साक्ष लिहून घ्यावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि आमच्या घरी तो चुकला. मुलीने फरक दाखवला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आई श्लोक म्हणत होती आणि मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो. अकराव्या श्लोकाला ती ‘जनी’ म्हणाली. तिला ते कळलेही नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी ‘जगी’च म्हणाले की.” छापील शब्दाने तिच्या स्मरणात जागा घेतली होती आणि जुना शब्द काढून टाकला याचा तिला पत्ताही नव्हता. एखाद्या पोथीवर कुणी दुसऱ्या पोथीतला शब्द लिहून ठेवावा आणि मूळ अक्षर खरवडून टाकावे, तसेच हे झाले. पोथीवर निदान खरवडल्याची खूण राहते. माणसाच्या स्मरणात तीही राहत नाही. यापुढे कुणी आईला विचारले तर ती दोन परंपरांची मिसळ सांगेल, आणि तिच्या आजीचा पाठ कोणता होता हे तिच्याकडून पुन्हा कधीच स्वच्छ मिळणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अजून कुणाच्या तोंडी श्लोक, अभंग, ओव्या आहेत त्यांनी पुस्तक समोर ठेवण्याआधी ते जसे म्हटले जाते तसे नोंदवून घ्यावे. ध्वनिमुद्रण उत्तमच, पण नुसते ध्वनिमुद्रण पुरत नाही. म्हणणाऱ्याने ते कुणाकडून ऐकले, कोणत्या वयात, आणि नंतर कधी छापील प्रत वाचली होती का, या तीन गोष्टी सोबत लिहाव्यात. उच्चार ऱ्हस्व की दीर्घ हे कानाला पटेल तसे लिहावे, शुद्धलेखनाच्या नियमाने लिहू नये. आणि चूक वाटली तरी तिथेच दुरुस्त करू नये, बाजूला प्रश्नचिन्ह करून ठेवावे. आईचा ‘तूंचि’ चूक आहे हे मला आज ठामपणे सांगता येते ते त्याची नोंद तशीच ठेवल्यामुळे. त्या रात्री मी तो ‘त्वांचि’ असा सुधारून लिहिला असता, तर वरची ओळ खालच्या ओळीला कशी ओढते हे मला दिसलेच नसते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलीने विचारले, “मग मी काय म्हणू?” आजीने उत्तर दिले, “गुण हवेत तर ‘जनी’ म्हण.” मुलीने ‘जनी’ म्हणायचे ठरवले, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण माझाही कल त्याच पाठाकडे आहे. तिने मात्र आणखी एक गोष्ट केली. पुस्तिकेतल्या अकराव्या श्लोकाच्या ‘सु’वर पेन्सिलीने काट मारली आणि वर ‘सू’ लिहिले. ‘त्वांचि’खाली एक रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘आजी तूंचि म्हणते’. ‘जनी’शेजारी तिने त्या पहिल्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले, ‘आजी या दिवशी जगी म्हणाली होती’.